फ्रायरवरची आग विझवणारी वेट केमिकल यंत्रणा: सुरुवातीला एवढे पाहा

प्रथम फ्रायरवरच्या धूर ओढणाऱ्या हुडातील तारेवरची वितळकडी ओळखून घ्या. आगीच्या झळेने तिचा सांधा वितळला की ताणलेली तार सैल पडते, टाकीतले पोटॅशियमयुक्त द्रावण नोझलांतून फवारले जाते आणि गॅसचा व्हॉल्व्ह बंद होतो. द्रावणामुळे पेटलेल्या तेलावर साबणाचा फेस धरतो. तो हवा तोडतो, तर द्रावणातले पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते. तेल पुरेसे निवण्याआधी फेस मोडला तर ते पुन्हा आपोआप पेटते, म्हणून गॅस खरोखर बंद होतो का, हे तपासणीत आवर्जून पाहा.

नवख्यांकडून दोन चुका होतात:
- साफसफाईनंतर फ्रायर वीतभर सरकलेला राहतो आणि नोझलचा नेम चुकतो. मी चाकांची जागा फरशीवर रंगाने आखून घेतो.
- कडीवर तेलकट थर साचतो आणि ती उशिरा वितळते.