भाव चुकून कमी लिहिला, गिऱ्हाइकाने लगेच ‘मंजूर’ म्हटलं

प्रश्न: इंदूरला राजवाड्यापाशी माझं साड्यांचं दुकान आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर २,४५० ऐवजी २४५ टाइप झालं. नेहमीच्या व्यापाऱ्याने दोन मिनिटांत ‘४० नग पक्के’ लिहिलं. माल द्यावाच लागेल का?

उत्तर: बहुधा नाही. पण ‘माझी चूक झाली’ एवढ्यावर सुटका होत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २२ सांगतं की एकाच पक्षाची चूक असेल तर तेवढ्याने करार रद्द करता येत नाही. तुमची बाजू टिकते ती समोरच्याला चूक कळली होती म्हणून.

लंडनचा १९३९ चा खटला बघा. सशांच्या कातड्यांची बोलणी नगावर चालली होती, विक्रेत्याने भाव लिहिला पौंडाच्या वजनावर. एका पौंड वजनात साधारण तीन कातडी, म्हणजे भाव तिसरा हिस्सा. घेणाऱ्याने झटकन होकार दिला. कोर्ट म्हणालं, चूक त्याच्या लक्षात आलीच असणार. करार झालाच नाही. आपल्या कोर्टांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण वकील त्याचा आधार घेतात.

तुमचा व्यापारी नेहमीचा, हे बरंच. त्याची जुनी बिलं आणि आधीच्या चॅट जपून ठेवा. २४५ ला तसली साडी मिळत नाही हे त्याला ठाऊक होतं, ते त्यातूनच दिसेल. मात्र २,४५० चे २,२५० झाले असते तर तो सूट समजला असता, आणि तुम्ही अडकला असता.

आजच लेखी कळवा, आगाऊ पैसे आले असतील तर परत करा. एकही नग पाठवू नका.