फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवताना

पहिल्या रात्री चार्जर पलंगाजवळच्या प्लगमधून काढा आणि समोरच्या भिंतीला लावा. लांब वायर घेऊ नका, ती दोन दिवसांत उशीपर्यंत पोहोचते. अंथरुणातून हात लांबवून फोन मिळता कामा नये, एवढं अंतर पुरे.

खरी अडचण पुढेच येते. "रात्री घरच्यांचा तातडीचा फोन आला तर?" या धास्तीनेच बहुतेक जण फोन परत उशाशी आणतात. म्हणून डू नॉट डिस्टर्ब नुसतं चालू करून थांबू नका. झोपेच्या वेळा ठरवून ते आपोआप सुरू-बंद होऊ द्या आणि ज्यांचा फोन वाजायलाच हवा अशा मोजक्या लोकांना अपवादात टाका. आई, बहीण, शेजारी. ऑफिसचा ग्रुप नव्हे! शिवाय लागोपाठच्या कॉलची सोय असते: त्याच व्यक्तीने अँड्रॉइडवर १५ मिनिटांत, आयफोनवर ३ मिनिटांत पुन्हा फोन केला तर तो वाजतो. घरच्यांना सांगून ठेवा, "गरज असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा." मात्र साधा कॉलच करायला सांगा; व्हॉट्सॲप कॉलवर भिस्त ठेवू नका.

मग दुसऱ्या फोनवरून कॉल करून बघा. रिंगचा आवाज शून्यावर असेल तर अपवाद असूनही काही ऐकू येणार नाही. अँड्रॉइडवर अलार्मचा आवाज वेगळा असतो, तोही वाढवा आणि अपवादांत अलार्म चालू आहे ना ते पाहा.