बॅलन्समध्ये पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत

प्रश्न: शुक्रवारी संध्याकाळी ४०,००० चा चेक भरला. आधीचे ८,००० धरून अ‍ॅपमध्ये ४८,००० दिसतात, पण काढायला गेलं की ‘शिल्लक अपुरी’ येतं. ट्रान्सफरचे पैसे मात्र लगेच वापरता येतात. असं का?

उत्तर: तुमच्या खात्याला दोन आकडे असतात. एकूण शिल्लक म्हणजे वहीत नोंदलेली सगळी रक्कम, तुमची ४८,०००. उपलब्ध शिल्लक म्हणजे त्यातली आज खर्च करता येणारी, ती अजून ८,०००च आहे. अ‍ॅपवर बऱ्याचदा पहिला आकडा ठळक दिसतो, दुसरा खात्याच्या तपशिलात उघडून बघावा लागतो.

चेक भरला म्हणजे पैसे आले नाहीत. तुमच्या बँकेने फक्त ते मागायला सुरुवात केली. शुक्रवारी त्या दिवसाची चेक स्वीकारायची वेळ टळून गेली असेल आणि शनिवार-रविवार बँक बंद असेल, तर तुमचा चेक सोमवारचा धरला जातो. मग तो समोरच्या बँकेकडे जातो. तिथे खात्यात पैसे आहेत का, सही जुळते का, चेक थांबवायची सूचना आहे का, हे तपासतात. नकार कळवायची त्यांची मुदत संपेपर्यंत तुमची बँक रक्कम अडवून ठेवते. म्हणजे मंगळवारी किंवा बुधवारी पैसे मोकळे झाले, तर त्यात वावगं काही नाही. खातं नवीन असेल, रक्कम नेहमीपेक्षा मोठी असेल किंवा तोच चेक एकदा परत आलेला असेल, तर आणखी दिवस लागतात.

ट्रान्सफरमध्ये पैसे पाठवणाऱ्याच्या खात्यातून आधी वजा होतात आणि मग तुमच्याकडे येतात. परत येण्याची भीती कमी, म्हणून अडवण्याचं कारणही कमी. तरी रक्कम संशयास्पद वाटली तर बँक तपासणीसाठी ती रोखू शकते. तुम्ही स्वतः या बँकेला सांगून दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून पैसे ओढून घेतले असतील, तर ते मात्र चेकसारखेच वागतात, कारण तिकडून नकार येऊ शकतो.

या काळात ४८,००० वर विसंबून कुणाला १५,००० चा चेक देऊ नका. बँक उपलब्ध ८,००० बघते. तुमचा चेक परत जाईल आणि दंडही बसेल. हप्ता कापला जाणार असेल तरी तेच.

आणि हे नीट लक्षात घ्या: रक्कम मोकळी झाली म्हणजे चेक पक्का वटला, असं नेहमीच नसतं. काही ठिकाणी बँक निकाल यायच्या आधीच पैसे वापरू देते आणि चेक बनावट निघाला तर तुमच्या खात्यातून परत घेते. अनोळखी माणूस जास्त रकमेचा चेक देऊन ‘वरचे पैसे परत पाठवा’ म्हणतो, तो नेमक्या याच फटीचा फायदा घेतो. त्यामुळे शाखेत ‘पैसे कधी मिळतील’ एवढंच विचारू नका. ‘समोरच्या बँकेकडून पैसे आले का आणि चेक आता परत येऊ शकतो का’ हे विचारा. रक्कम मोकळी व्हायची तारीखही तिथेच सांगतील.