दोषारोपपत्र हातात पडल्यावर

"सर, विभागीय चौकशीचं दोषारोपपत्र आलंय. दहा दिवसांत उत्तर मागितलंय. झालं गेलं कबूल करून माफी मागितली तर प्रकरण इथंच मिटेल का? नोकरी जाईल का?"

माण तालुक्यातले एक तलाठी साताऱ्याला माझ्याकडे आले, तेव्हा माफीनामा लिहूनच आणला होता. "कामाच्या ताणात अनवधानाने चूक झाली, क्षमा असावी," एवढाच मजकूर. मी तो बाजूला ठेवायला सांगितला. तीन दोषारोपांपैकी नेमकी कोणती चूक, हे त्यात कुठेच नव्हतं. तिन्ही कबूल आहेत, असाच त्याचा अर्थ काढला गेला असता. दोषारोप कबूल केला की तो सिद्ध करण्याचं कामच उरत नाही, थेट निष्कर्ष नोंदवता येतो.

पत्र महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधल्या नियम 8 खालचं होतं, म्हणजे मोठ्या शिक्षेच्या कार्यपद्धतीचं. बडतर्फीपर्यंतची शिक्षा त्यात होऊ शकते, त्यामुळे त्यांची भीती खोटी नव्हती. पण या मार्गानं चौकशी झाली म्हणून शिक्षा मोठीच होते, असं नाही.

दोषारोपपत्राच्या ज्ञापनाला चार जोडपत्रं असतात. पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात प्रत्येक दोषारोपाच्या पुष्ट्यर्थ गैरवर्तणुकीचं विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची. बहुतेक जण पहिलं वाचूनच हादरतात आणि उत्तरही त्यालाच देतात. मी त्यांना पहिलं आणि दुसरं जोडपत्र टेबलावर शेजारी-शेजारी ठेवायला लावलं आणि पेन्सिलीनं ओळीला ओळ जुळवायला सांगितलं.

पहिला दोषारोप विनापरवानगी मुख्यालय सोडल्याचा होता. विवरणात तारीख होती आणि त्या दिवशी ते खरोखर गेले होते. मुलगी दवाखान्यात होती. इथं नाकारण्यासारखं काही नव्हतं. वस्तुस्थिती मान्य करायची, कारण लिहायचं, दवाखान्याचा कागद जोडायचा.

दुसरा सगळ्यात जड. वारसाचा फेरफार धरताना एका बहिणीला नमुना 9 ची नोटीस न बजावता "आर्थिक हेतूने" नोंद केली, असा आरोप होता. हेतूचे ते दोन शब्द वाचून त्यांची झोप उडाली होती. आता दुसरं जोडपत्र पाहा. नोटीस बजावली नाही हे तिथं सविस्तर होतं, पण पैसे कुणी दिले, कधी, किती, याबद्दल एक अक्षर नव्हतं. विवरणात घटना नसेल तर त्या आरोपाला उत्तर तरी कशाचं द्यायचं? उत्तरात आम्ही सरळ लिहिलं: आर्थिक हेतूचा आरोप नामंजूर, त्याच्या पुष्ट्यर्थ विवरणात कोणतीही बाब नाही.

नोटिशीचं मात्र मी खोदून विचारलं. ते आधी म्हणाले, "बजावली होती." फेरफाराची फाइल मागवली तेव्हा स्थळप्रत निघाली, पण पत्ता बहिणीच्या माहेरचा होता. ती लग्न होऊन पुण्याला गेलेली. म्हणजे नोटीस निघाली होती, तिला पोचली नव्हती. "बजावली होती" असं लिहिलं असतं, तर उलटतपासात खोटे ठरले असते आणि बाकीच्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास गेला असता. म्हणून जे घडलं तेवढंच लिहिलं: नोटीस काढली, अभिलेखातल्या पत्त्यावर पाठवली, सध्याच्या पत्त्याची खात्री करायची राहिली.

तिसऱ्या दोषारोपात "बेजबाबदार वर्तनाने शासनाची प्रतिमा मलिन केली" असं होतं. विवरणात तेच वाक्य पुन्हा लिहिलेलं. ना तारीख, ना प्रसंग. असे मोघम आरोप म्हणजे बचावाची संधीच नाकारणं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1970 मध्ये सुरथचंद्र चक्रवर्ती प्रकरणात सांगितलं आहे. इथं लोक घाबरून आपल्या वीस वर्षांच्या सेवेचा इतिहास लिहून काढतात आणि त्यातूनच नवे धागे हाती देतात. आम्ही दोनच ओळी लिहिल्या: नामंजूर, प्रसंग नमूद नसल्याने उत्तर देणे शक्य नाही.

दहा दिवसांचं म्हणाल, तर तिसऱ्याच दिवशी अर्ज दिला: जोडपत्र तीनमधली कागदपत्रं पाहू द्यावीत आणि तोवर मुदत वाढवावी. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. मुदत मिळाली. ज्ञापन स्वीकारल्याची सही त्यांनी आधीच केली होती आणि त्याचाही त्यांना घोर लागला होता. ती सही फक्त पोचेची असते. उलट, ज्ञापन घ्यायचंच टाळणाऱ्यांची चौकशी एकतर्फी होण्याची वेळ येते.

चौकशी झालीच. अहवालात पहिला सिद्ध, दुसरा हेतूचा भाग वगळून अंशतः सिद्ध, तिसरा सिद्ध नाही. एक वेतनवाढ रोखली गेली. ते तलाठी आजही नोकरीत आहेत, आणि वारसनोंद आली की आधी बहिणींचे सध्याचे पत्ते विचारतात.