डावीकडे म्हणजे नेमके कुणाच्या डावीकडे?

ताई, म्हार्दोळजवळच्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत मे महिन्यातल्या एका रविवारी आहे. नातेवाईक आणि मित्र असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमंत्रण टाकायचे आहे. कुणी पणजीहून येतील, कुणी मडगावहून. घराची वाट अरुंद आहे, गाड्या देवळाच्या मैदानात लावाव्या लागतील. आहेर नको असे लिहायचे आहे, पण त्याने मोठी माणसे दुखावतील असे सासूबाईंना वाटते. मी लिहिलेला मजकूर सोबत पाठवते. — एक वाचक, फोंडा तालुका

तुमचा मजकूर मी दोनदा वाचला. त्यातली सर्वांत मोठी चूक आहेराच्या ओळीत नसून ‘पिकअप शेडनंतर डावीकडे वळा’ या साध्या वाक्यात आहे. पणजीहून बाणस्तारी, कुंडई, मंगेशी असे येणाऱ्याला तुमची वाट डावीकडे लागेल. परंतु मडगावचा पाहुणा बोरीचा पूल ओलांडून, फोंडा आणि फर्मागुडी करून उलट दिशेने येणार असल्याने त्याला तीच वाट उजवीकडे लागणार आहे, आणि शेडही त्याला वळणाच्या आधी नव्हे तर नंतर दिसणार आहे. म्हणून दोन दिशांसाठी दोन स्वतंत्र वाक्ये लिहावीत आणि प्रत्येकात पुढे निघून गेल्याची खूणही द्यावी: पणजीकडून येणारा फर्मागुडीला पोचला, किंवा फोंड्याकडून येणाऱ्याला मंगेशीचा फाटा लागला, तर त्याने मागे फिरावे.

नकाशावरचे ठिकाण पाठवताना लाइव्ह लोकेशन पाठवू नका, कारण ते जास्तीत जास्त 8 तास चालते आणि घर दाखवण्याऐवजी तुमच्या फोनच्या मागे फिरते. स्थिर ठिकाण पाठवा, आणि ते घराचे नव्हे तर मैदानाच्या फाटकाचे असू द्या. घराचे दिले, तर नकाशा प्रत्येक गाडीला त्या अरुंद वाटेत नेऊन सोडेल आणि समोरून दुसरी गाडी आली की कुणाला तरी मागे जात बाहेर पडावे लागेल.

मैदानासाठी देवस्थान समितीला आधी विचारा, कारण रविवारी त्या भागात देवदर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्याही असतात. शेजारी शेजारी लावलेल्या 10 गाड्यांना साधारण 25 मीटर लांबीची कड लागते. तेवढी जागा पायांनी मोजून घ्या. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी घरची एकच गाडी मैदान ते घर अशी ये-जा करील, हे आमंत्रणातच लिहिले म्हणजे प्रत्येक जण ‘फक्त आईला दारात सोडतो’ म्हणून आत शिरणार नाही.

‘सकाळी 10 पासून’ या शब्दांनी काहीच कळत नाही. होमाला बसू इच्छिणारा आणि फक्त जेवायला येणारा, या दोघांना वेगळी वेळ हवी असते.

आता आहेर. ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ असे लिहिले की लोक ते शिष्टाचाराचे मानतात आणि पाकीट घेऊन येतात. स्पष्ट विनंती एकदाच, कारण न देता करावी. कारणे दिली की त्यावर ग्रुपमध्ये चर्चा सुरू होते. सासूबाईंची शंका मात्र अगदीच निराधार नाही. माहेरचा आहेर आणि मामांचा मान हे व्यवहार ग्रुपमधल्या ओळीने मोडायचे नसतात. त्या चार घरांना सासूबाईंनी ग्रुपवर संदेश पडण्याआधी स्वतः फोन करावा, आणि ज्यांना द्यायचेच आहे त्यांनी आदल्या संध्याकाळी द्यावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने आलेल्यांना संकोच वाटणार नाही. तरीही कुणी पाकीट पुढे केलेच, तर चारचौघांत नाकारून त्यांचा अपमान करू नका.

मजकूर असा ठेवता येईल. तारीख आणि फोन तुम्ही घाला:

‘आमच्या नव्या घराची वास्तुशांत रविवारी आहे. पूजा सकाळी 9 वाजता सुरू होईल, आरती सुमारे 12 वाजता आणि जेवण 12.30 ते 2.30. पणजीकडून येताना मंगेशीनंतर म्हार्दोळला पिकअप शेड ओलांडताच डावीकडे वळावे. फर्मागुडी आली तर मागे फिरावे. फोंड्याकडून येताना शेडच्या आधी उजवीकडे वळावे; मंगेशीचा फाटा आला तर मागे फिरावे. गाड्या देवळाच्या मैदानात लावाव्यात, ठिकाण सोबत दिले आहे. तेथून घर पायी जवळ आहे. वडीलधाऱ्यांसाठी आमची गाडी उभी असेल. आपण सर्वांनी सहकुटुंब यावे. आहेर आणू नये, ही नम्र विनंती.’

हा संदेश ग्रुपच्या माथ्यावर 7 दिवसांसाठी पिन करून ठेवा, नाहीतर अभिनंदनाच्या फुलांखाली तो पहिल्याच तासात गाडला जाईल. आणि त्याआधी, पूर्वी तुमच्या घरी कधीच न आलेल्या एखाद्या मडगावकराला फक्त हा मजकूर वाचून एकदा येऊन पाहायला सांगा. तो जिथे थांबून तुम्हाला फोन करील, तेवढेच वाक्य बदला.