पाळी अनियमित असताना डिलिव्हरीची कोणती तारीख धरायची?

प्रश्न: मला पीसीओडी आहे, पाळी कधी ४० तर कधी ५० दिवसांनी येते. शेवटची पाळी ५ जानेवारीची, त्यावरून तारीख १२ ऑक्टोबर निघाली. १४ मार्चच्या पहिल्या सोनोग्राफीत बाळ १० मि.मी., ७ आठवडे १ दिवसाचं, तारीख ३० ऑक्टोबर. १२ जूनच्या रिपोर्टवर ४ नोव्हेंबर आणि कालच्या, ४ सप्टेंबरच्या रिपोर्टवर १३ नोव्हेंबर! नेमकी कोणती खरी?

उत्तर:

३० ऑक्टोबर. आणि ती आता कुठल्याही नव्या रिपोर्टवरून बदलायची नाही. मी गरोदरपणातल्या सोनोग्राफी करते, त्यामुळे चार तारखांचा हा गोंधळ रोज बघते. तुमच्या बाबतीत एक तारीख चुकीच्या गृहीतकावर काढलेली आहे, एक खरी आहे आणि उरलेल्या दोन मुळात डिलिव्हरीच्या तारखा नाहीतच.

आधी १२ ऑक्टोबरचं बघू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवून ती काढतात. या हिशेबात पाळी दर २८ दिवसांनी येते आणि अंडं चौदाव्या दिवसाच्या सुमारास फुटतं असं धरलेलं असतं. पीसीओडीत अंडं तयार व्हायलाच वेळ लागतो; ते तिसाव्या दिवशी फुटेल, कधी चाळिसाव्या. पाळी येऊन महिना झाला तरी गर्भ राहिलेलाच नसतो, पण हिशेबात ते दिवस गरोदरपणाचे म्हणून मोजले जातात.

१४ मार्चला तुमच्या पाळीला ६८ दिवस झाले होते, म्हणजे ९ आठवडे ५ दिवस. बाळ मात्र ७ आठवडे १ दिवसाचं, म्हणजे ५० दिवसांचं निघालं. फरक १८ दिवसांचा. याचा सरळ अर्थ असा की अंडं चौदाव्या दिवशी न फुटता साधारण बत्तिसाव्या दिवशी फुटलं. ४०-५० दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला हे अगदी जुळतं. बाळ 'अडीच आठवडे मागे' वगैरे काही नव्हतं, ते आपल्या वयाचंच होतं. १४ मार्चनंतर उरलेले २३० दिवस मोजलेत की ३० ऑक्टोबर येते. करून बघा.

पहिल्या सोनोग्राफीवर एवढा भरवसा का, याचं कारण बाळ वाढतं कसं त्यात आहे. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच चालीनं वाढतात. आई उंच असो की ठेंगणी, खाणंपिणं कसंही असो, सात आठवड्यांचं बाळ साधारण १० मि.मी.चंच असतं आणि रोज मिलिमीटरभर लांब होतं. म्हणून लांबीवरून वय सांगता येतं, आणि त्यात चूक झालीच तर पाच-सात दिवसांची. हे माप डोक्याच्या टोकापासून ढुंगणापर्यंत घेतात. रिपोर्टवर सीआरएल म्हणून जे लिहिलेलं असतं ते हेच. बाळ स्क्रीनवर आडवं, सरळ आणि पूर्ण दिसलं पाहिजे. ते वाकलेलं असेल तर माप कमी भरतं, शेजारची योक सॅक मापात धरली गेली तर जास्त. म्हणून आम्ही दोन-तीनदा मोजून सरासरी घेतो. नुसती बाळाभोवतीची पिशवी दिसत असेल आणि बाळ दिसत नसेल, तर त्या पिशवीच्या मापावरून तारीख पक्की करू नये. दहा-बारा दिवसांनी पुन्हा बघावं.

पाळीची तारीख सोडून सोनोग्राफीची कधी घ्यायची, याचा नियम ठरलेला आहे. ९ आठवड्यांच्या आत ५ दिवसांपेक्षा जास्त फरक असेल, किंवा ९ ते १४ आठवड्यांत ७ दिवसांपेक्षा जास्त, तर तारीख बदलायची. हा बदल एकदाच करायचा. तुमचा फरक १८ दिवसांचा, त्यामुळे इथे वादच नाही.

पुढच्या दोन तारखांपाशी लोक फसतात. पाचव्या महिन्यापासून आम्ही डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजतो. मशीन ही मापं सरासरी बाळांच्या तक्त्याशी ताडून 'एवढं बाळ इतक्या आठवड्यांचं असतं' असं सांगतं आणि त्यावरून स्वतःच एक तारीख छापून टाकतं. पण एव्हाना प्रत्येक बाळाची चाल वेगळी झालेली असते. आईबाबांची ठेवण, आईची शुगर, बीपी, वारेतून होणारा रक्तपुरवठा, सगळं त्यात येतं. म्हणजे त्या तारखेत बाळाचा आकार दिसतो, वय दिसत नाही.

तुमच्याच आकड्यांत हे बघा. ३० ऑक्टोबरच्या हिशेबानं १२ जूनला २० आठवडे पूर्ण होते, मापं ५ दिवस कमी होती. त्या वेळी एवढा फरक सहज असतो. काल ३२ आठवडे पूर्ण झाले आणि मापं ३० आठवड्यांची आली. म्हणजे ८४ दिवसांत बाळ ७५ दिवसांचं वाढलं. आता कोणी '१३ नोव्हेंबर धरू या' म्हटलं, तर ते ९ दिवस कागदावरून पुसले जातील आणि सगळं नॉर्मल दिसेल. कमी वाढणारं बाळ नजरेतून सुटतं ते असंच, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. तुमचं बाळ मुळातच नाजूक अंगाचं असू शकतं, वारेचा पुरवठा कमी पडत असेल असंही असू शकतं. हे पोटाच्या घेरावरून, वजनाच्या अंदाजावरून आणि रक्तप्रवाह बघणाऱ्या डॉप्लर तपासणीवरून कळतं. त्यामुळे कालचा रिपोर्ट फाइलला लावून ठेवू नका. याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

१२ ऑक्टोबर धरून बसण्यातही धोका आहे. त्या हिशेबानं १९ ऑक्टोबरला तुमचे ४१ आठवडे होतील आणि 'दिवस उलटून गेले' म्हणून कळा आणायचं ठरेल, तेव्हा बाळाचे खरे आठवडे ३८ आणि वर ३ दिवसच असतील.

सोनोग्राफीला जाताना बहुतेक जणी फक्त शेवटचा रिपोर्ट आणतात. फॉर्म भरणारी मुलगी पाळीची तारीख विचारते, तुम्ही ५ जानेवारी सांगता, तीच मशीनमध्ये जाते आणि सगळी तुलना चुकीच्या तारखेशी होते. पाळीची तारीख विचारली की ती सांगाच, पण पाळी अनियमित आहे हेही सांगा आणि १४ मार्चचा रिपोर्ट पुढे करून 'तारीख यावरून ठरली आहे' म्हणा. डॉक्टरांकडून फाइलच्या पहिल्याच पानावर '३० ऑक्टोबर, पहिल्या सोनोग्राफीनुसार' असं लिहून घ्या.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: गोळ्या घेऊन फॉलिक्युलर स्टडी झाला असेल आणि अंडं कधी फुटलं ते माहीत असेल, तर त्या दिवसाच्या १४ दिवस आधी पाळी आली असं धरा. आयव्हीएफमध्ये तारीख गर्भ आत सोडलेल्या दिवसावरून ठरते, ती सोनोग्राफीवरून बदलत नाहीत. आणि पहिली सोनोग्राफीच २२ आठवड्यांनंतर झाली असेल तर नेमकी तारीख सांगता येत नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजून वाढीचा वेग बघावा लागतो.

तुम्हाला बहुधा दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतील. मधल्या काळात बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर त्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.