मक्याचे अंश-दिवस आणि नागपूरचा एप्रिल

प्रश्न: उन्हाळी मक्याचा तुरा जीडीडीवरून, म्हणजे रोज साठत जाणाऱ्या उष्णतेच्या अंश-दिवसांवरून, काढलेल्या तारखेपेक्षा उशिरा येतो. चुकतंय कुठे?

बहुतेक वरची मर्यादा लावायची राहिली असेल. मक्याचं मूळ तापमान, म्हणजे ज्याच्या खाली वाढ थांबते ते, १० अंश; रोजच्या सरासरीतून ते वजा करतात, पण ३० च्या वर वाढीचा वेग वाढत नाही. म्हणून कमाल ३० च्या वर गेलं तरी हिशेबात ३०च धरतात.

नागपुरात एप्रिलमधला एक दिवस घ्या: कमाल ४२, किमान २४. सरळ सरासरी ३३, वजा १०, म्हणजे २३. मर्यादा लावली की (३०+२४)/२−१० = १७. रोज सहा जास्त, दहा दिवसांत साठ! तुरा कागदावरच आधी येणार. फेब्रुवारीत फरक थोडा आणि एप्रिलमध्ये वाढत गेलेला दिसला, तर दोष हाच समजा. पाण्याचा ताण असेल, तर मात्र हे गणितही फसतं.